चुकले मूल की चुकले कार्ड?

बालवाडीच्या आणि पहिलीच्या शिक्षकांमध्ये गेली काही वर्षे एक इंग्रजी वाक्य हातोहात फिरत आहे. चित्र काढून देणाऱ्या संगणक-प्रणालीला ते वाक्य लिहून दिले, की अर्ध्या मिनिटात एक गोंडस चित्र तयार होते. ते छापायचे, खाली अक्षर लिहायचे आणि चित्रकार्ड म्हणून वर्गात वापरायचे. प्रणालीला लिहून दिलेल्या अशा वाक्याला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी ‘सूचना’ म्हणू. आमच्या हाती आलेली सूचना अशी होती. वस्तूचे नाव तेवढे बदलायचे, बाकीचे तसेच ठेवायचे:

```
one cute friendly cartoon sugarcane, single object,
centered, plain white background, thick outline, no text
```

एक वस्तू, मधोमध, पांढरी कोरी पार्श्वभूमी, जाड बाह्यरेषा, हसरी व्यंगचित्राची शैली आणि चित्रात मजकूर नको, एवढेच त्यात सांगितले आहे. वाचताक्षणी पटावे असे हे वाक्य आहे. कराडमधील एका बालवाडीसाठी अक्षरांचा आणि अंकांचा संच तयार करताना आम्हीही त्यावर विश्वास ठेवला. संच पुरा होईपर्यंत मात्र सूचनेतल्या जवळजवळ प्रत्येक शब्दावर आम्हाला फेरविचार करावा लागला. तो फेरविचार या लेखात मांडत आहोत. यात कोणत्याही एका प्रणालीची परीक्षा केलेली नाही. परीक्षा आहे ती सूचनेची आणि तिच्या मागे असलेल्या शैक्षणिक समजुतीची.

उसाचे कार्ड

सुरुवात ‘ऊ’पासून करू. कराड भागातल्या मुलाला ऊस ओळखीचा करून द्यावा लागत नाही. हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या त्याच्या दारावरून जातात. म्हणून ‘ऊ’साठी ऊस घेतला आणि वरची सूचना जशीच्या तशी दिली. हिरव्यागार, गुळगुळीत, पेरांच्या एका कांडीचे चित्र आले. कांडीला दोन मोठे डोळे आणि हसरे तोंड होते, बाजूला दोन लहान पाने होती. चित्र देखणे होते. अक्षर न लिहिता ते मुलांना दाखवले आणि ‘हे काय?’ एवढेच विचारले. बहुतेक मुले ‘बांबू’ म्हणाली, काही ‘काठी’ म्हणाली. एकाने नुसतेच ‘हसतंय’ असे सांगितले.

या उत्तरांत मुलांची चूक नव्हती. डोळे-तोंड पुसून टाकले, तर ते चित्र खरोखरच बांबूचे दिसत होते. हे असे का घडते, ते थोडे समजून घेऊ. अशा प्रणाली चित्र आणि त्याच्या सोबतचा मथळा यांच्या असंख्य जोड्या पाहून तयार झालेल्या असतात. २०२२ साली खुला झालेला ‘लायन-५बी’ हा असा एक प्रसिद्ध संग्रह आहे. त्यात सुमारे ५८५ कोटी जोड्या आहेत आणि त्यांपैकी सुमारे २३२ कोटी जोड्यांचे मथळे इंग्रजीत आहेत. सफरचंदाची किंवा मांजराची व्यंगचित्रे अशा संग्रहात उदंड असणार. उसाचे, तेही मुलांसाठी काढलेले चित्र त्या मानाने थोडेच असणार. ज्या वस्तूची चित्रे थोडी, तिच्या जागी प्रणाली तिच्यासारख्या दिसणाऱ्या, पण अधिक परिचित वस्तूचे रूप उसने घेते. पेरे असलेली हिरवी कांडी म्हटली की बांबू जवळचा. त्यात ‘गोंडस’ हा शब्द घातला, की उरलासुरला फरकही गुळगुळीत होऊन जातो.

यावरचा उपाय साधा आहे. वस्तूचे नाव देऊन थांबायचे नाही. ती वस्तू ओळखायला मुलाचा डोळा ज्या खुणा शोधतो, त्या खुणा लिहायच्या. उसाला ऊसपण येते ते जांभळट झाक असलेल्या जाड कांड्याने, ठळक पेरांनी आणि शेंड्याच्या लांब, अरुंद, वाकलेल्या पाल्याने. दुसरी सूचना आम्ही अशी लिहिली:

```
one tall sugarcane stalk, thick purple-green stem,
clear ring joints, long narrow drooping leaves at the top,
simple children's cartoon, thick dark outline, flat colors,
plain pale yellow background, empty space below
```

या वेळी मुलांनी ‘ऊस’ म्हटले. दोन सूचनांत काय बदलले, ते एकेक पाहू.

पहिला बदल म्हणजे ‘गोंडस’ आणि ‘हसरे’ हे शब्द गेले. प्राण्याच्या चित्राला डोळे असतातच, तिथे हसरेपणाने फारसे बिघडत नाही. पण चमचा, नळ, ऊस, घर अशा वस्तूंना तोंड काढले, की मूल वस्तू पाहत नाही, चेहरा पाहते. माणसाच्या मुलाची नजर चेहऱ्याकडे आधी जाते, हे तान्ह्या बाळापासून दिसते. मग सगळ्या संचात एकच हसरे पात्र निरनिराळे वेष घेऊन आल्यासारखे होते. प्राण्यांच्या बाबतीतही एक सावधगिरी हवी. गोंडस करताना डोके मोठे, अंग लहान, पाय आखूड होतात. असे केले की चित्ता, वाघ आणि मांजर यांच्यात अंगावरच्या ठिपक्या-पट्ट्यांखेरीज फरक उरत नाही.

दुसरा बदल पार्श्वभूमीचा. ‘कोरी’ हा शब्द योग्यच आहे. मागे शेत, झोपडी आणि सूर्य असेल, तर मूल त्यांतले काहीही सांगू शकते. पण कोरी म्हणजे पांढरीच असली पाहिजे असे नाही. अंडे, ससा, बगळा, कापूस ही सगळी पांढरी मंडळी पांढऱ्या कागदात हरवतात. आपल्याकडचा खिल्लार बैलही त्यांतलाच. त्याचे पांढरे अंग आणि मागे झुकत वर गेलेली लांब शिंगे लिहून दिली नाहीत, तर तपकिरी, आखूड शिंगांचा परदेशी बैल येतो. लिहून दिली, तर पांढऱ्यावर पांढरा येतो. फिकट पिवळी पार्श्वभूमी घेतली की हा प्रश्न सुटतो. मात्र ती सर्व कार्डांना एकच ठेवावी. ‘ऊ’ला पिवळी आणि ‘क’ला निळी दिली, तर काही मुले अक्षराकडे न पाहता रंगावरून उत्तर देऊ लागतात आणि शिक्षकाला वाटते, अक्षर आले.

तिसरा बदल म्हणजे ‘मजकूर नको’ हे शब्द काढून टाकले. नकार देऊन उलटेच घडते, हा अनुभव अनेकांना आला असेल. कारण मथळ्यात लोक चित्रात काय आहे ते लिहितात, काय नाही ते सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे ‘नको’ची ओळख प्रणालीला कच्ची राहते आणि ‘मजकूर’ हा शब्द मात्र तिला चांगला कळतो. परिणामी नको असलेली वेडीवाकडी अक्षरे चित्रात उमटतात. नव्या प्रणाली नकार पूर्वीपेक्षा बऱ्या समजतात, तरी त्यावर भिस्त ठेवू नये. काही साधनांत ‘नको त्या गोष्टीं’साठी वेगळी चौकट असते, ती वापरावी. नसेल तर हवे तेवढेच लिहावे: ‘खाली मोकळी जागा’.

या मोकळ्या जागेत अक्षर आपण स्वतः लिहायचे. देवनागरी अक्षर चित्रासोबत प्रणालीकडूनच काढून घेण्याचा मोह टाळावा. शिरोरेघ तुटलेली, काना भलत्या जागी, ‘क्ष’च्या जागी तिसरेच काही, असे प्रकार घडतात. मोठ्या माणसाला ते लक्षात येतात. अक्षर पहिल्यांदाच पाहणाऱ्या मुलाला मात्र तेच खरे अक्षर वाटते. संगणकावर टंक निवडून लिहितानाही एक गोष्ट पाहावी. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला निश्चित करताना पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपे ठरवली. अनेक टंक आपणहून हिंदी वळणाची रूपे दाखवतात. काही टंकांत भाषा ‘मराठी’ अशी निवडल्यावर योग्य रूप येते. ते जमत नसेल, तर जाड स्केचपेनने हाताने लिहिलेले अक्षर केव्हाही चांगले.

चित्र बरोबर, नाव चूक

आतापर्यंत चित्राचे पाहिले. ते दोष सूचना सुधारून दूर होतात. याहून खोल दोष सूचनेच्या पहिल्याच शब्दात आहे. ‘एक वस्तू’ या शब्दांमागे एक गृहीत धरलेले असते. चित्र स्पष्ट असले, की मूल त्याचे नेमके तेच नाव घेईल, आणि त्या नावाचा पहिला आवाज म्हणजे आपले अक्षर असेल, हे ते गृहीत. मराठीत हे तीन ठिकाणी मोडते.

पहिले ठिकाण नावाच्या पातळीचे. ‘फ’साठी फळ घ्यावे म्हणून सूचना दिली, तर चित्र येणार आंब्याचे किंवा सफरचंदाचे. नुसत्या ‘फळा’चे चित्र काढताच येत नाही. मूल ‘आंबा’ म्हणते आणि आपण ‘नाही, फळ’ म्हणतो. मानसशास्त्रज्ञ एलिनॉर रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिले, की वस्तूला नाव देताना माणूस सहसा एका मधल्या पातळीवर थांबतो. ‘फर्निचर’ नाही, ‘आरामखुर्ची’ही नाही, तर ‘खुर्ची’. मुलांच्या तोंडीही याच पातळीची नावे आधी येतात. म्हणून पक्षी, प्राणी, फळ, भाजी, वाहन हे शब्द चित्रकार्डाला निरुपयोगी आहेत. ‘इ’साठी इमारत घेतली, तर मूल ‘शाळा’ किंवा ‘बंगला’ म्हणते. त्यापेक्षा ‘इस्त्री’ घ्यावी, तिला दुसरे नाव नाही.

याच पातळीचा आणखी एक प्रकार नात्याच्या शब्दांत दिसतो. ‘आ’साठी आई हा शब्द मुलाला सर्वांत जवळचा. पण एकट्या बाईचे चित्र आई होत नाही. मूल ‘बाई’ म्हणते, कारण शाळेत तसेच म्हणतात. आई दाखवायला कडेवर मूल हवे, म्हणजे ‘एक वस्तू’ हा नियम मोडावा लागतो. अशा शब्दासाठी तो खुशाल मोडावा. किंवा ‘आ’ला आंबा ठेवावा आणि आई हा शब्द गोष्टीतून द्यावा.

दुसरे ठिकाण अक्षराच्या जागेचे. इंग्रजी वर्णमालेच्या कार्डांची पद्धत पहिल्या आवाजावर उभी आहे. आपल्याकडे ‘ण’ आणि ‘ळ’ शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. ‘ङ’ आणि ‘ञ’ यांची तर गोष्टच वेगळी. अंकलिपीत म्हणून ‘ण बाणाचा’ आणि ‘ळ बाळाचा’ आले. मोठ्यांना हे इतके अंगवळणी पडले आहे, की त्यातली अडचण दिसत नाही. ‘क कमळाचा’, ‘ख खटाऱ्याचा’ असे पहिला आवाज ऐकत आलेल्या मुलाला ‘ण बाणाचा’ म्हटल्यावर ‘बा’ ऐकू येतो. नियम बदलला, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

यात बाणाच्या चित्राची स्वतंत्र गंमत आहे. बाण मागितला की धनुष्य सोबत येते, धनुष्य मागितले की बाण. एकाच संचात ‘ध’ला आणि ‘ण’ला जवळजवळ एकच चित्र होऊन बसते. शिवाय या भागातल्या काही घरांतून पाण्याला ‘पानी’ आणि बाणाला ‘बान’ म्हणतात. त्या मुलाला ‘बान’मध्ये ‘ण’ शोध म्हणणे म्हणजे घरी न ऐकलेला आवाज शाळेतल्या चित्रातून काढ म्हणण्यासारखे आहे. बोली चुकीची नाही. पण ‘न’ आणि ‘ण’ हा फरक आधी कानाने करून घ्यावा लागेल, आणि ते काम चित्राचे नाही. आम्ही ‘ण’चे कार्ड शेवटी ठेवले आणि त्यावर कणीस घेतले. मक्याचे कणीस सगळ्यांना ठाऊक आहे. ‘ळ’साठी ‘नळ’ घेतला. शब्द दोनच अक्षरांचा, ‘ळ’ शेवटी स्पष्ट ऐकू येतो, आणि नळाला नळच म्हणतात. या दोन्ही कार्डांना वेगळी जाड चौकट दिली. ‘इथे आवाज सुरुवातीला नाही, शोधायचा आहे’ एवढीच तिची खूण.

तिसरे ठिकाण आवाजाचे. ‘च’साठी चमचा घ्यावा की चिमणी? दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहा. चमच्यातला ‘च’ दातांपाशी उमटतो, चिमणीतला टाळूपाशी. ‘ज’चेही तसेच. जाळ्यातला आणि जिलबीतला ‘ज’ एक नव्हेत. लिपी एक, आवाज दोन, ही मराठीची खासियत आहे. एका कार्डावर एकच वस्तू हा नियम पाळला, तर यांतला एक आवाज मुलाला सांगितलाच जात नाही. पुढे ते ‘चंद्र’ वाचताना चमच्यातला ‘च’ लावते आणि आपण त्याला थांबवतो. इथे दोन कार्डे हवीत, दोन्हींवर अक्षर एकच.

आता पुन्हा उसाकडे येऊ. चित्र बरोबर आले, मुले ‘ऊस’ म्हणाली, आणि आम्ही सवयीने मोठ्याने म्हटले, ‘ऊ उसाचा’. म्हणताच चूक लक्षात आली. ‘ऊस’मधला ‘ऊ’ दीर्घ आहे, पण ‘चा’ लागला की तो ‘उसाचा’ असा ऱ्हस्व होतो. म्हणजे ज्या अक्षरासाठी कार्ड केले, ते अक्षर म्हणण्याच्या पद्धतीतच नाहीसे झाले. ऊसऐवजी ऊन घेतले तरी ‘उन्हाचा’ होते. यात दोष आपल्या ‘अमुक तमुकाचा’ या साच्याचा आहे. म्हणून आम्ही साचा सोडला. कार्ड दाखवायचे, मुलाने ‘ऊस’ म्हणायचे, मग ‘ऊस, ऊ’ असे जोडून म्हणायचे. ‘नळ, ळ’ आणि ‘कणीस, ण’ हेही याच रीतीने सहज म्हणता येतात.

काही अक्षरांना मात्र चांगले चित्र मिळतच नाही. ‘ई’साठी अंकलिपीतले ईडलिंबू मुलांनी कधी पाहिलेले नसते. ‘ऐ’साठी ऐरण, पण लोहाराचा भाता आणि ऐरण आता किती गावांत दिसतात? प्रणाली ऐरणीचे चित्र उत्तम काढते. मूल तिला ‘दगड’ म्हणते. चित्र कितीही सुबक केले, तरी न पाहिलेल्या वस्तूचे नाव मुलाच्या तोंडी येत नाही. अशा अक्षरांचे कार्ड न केलेले बरे. ‘ई’ ही ‘आई’च्या शेवटी भेटते आणि ‘ऐ’ची मात्रा ‘पैसा’ वाचताना भेटते. तेव्हाच ती शिकवावीत.

चित्रातून आवाज शिकवण्याची युक्ती जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली मुलांसाठी चित्रांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या आरंभीच्या वर्णमालेत ‘अ’च्या आवाजापाशी ओरडणारा कावळा आहे. कावळ्याच्या नावाचा पहिला आवाज तिथे अपेक्षित नाही, त्याचे ओरडणेच तो आवाज आहे. सगळ्या अक्षरांना ही युक्ती पुरत नाही, हे खरे. पण त्याने चित्र निवडताना पहिला प्रश्न आवाजाचा विचारला, गोंडसपणाचा नाही. आपल्या हातोहात फिरणाऱ्या सूचनेत तोच प्रश्न राहून गेला आहे.

अंकांची कार्डे

अंकांच्या कार्डांत अडचण वेगळी आहे. ‘सात आंबे’ असे लिहून दिले, तर कधी सहा येतात, कधी आठ, कधी सात येतात पण एक अर्धा कडेला कापलेला असतो. दोन-तीनपर्यंत बहुधा बरोबर येते, पुढे भरवसा कमी होत जातो. याचे कारण प्रणालीच्या कामाच्या रीतीत आहे. या प्रकारच्या अनेक प्रणाली आधी नुसत्या विस्कळीत ठिपक्यांपासून सुरुवात करतात आणि पायरीपायरीने तो सगळाच पसारा एकदम स्पष्ट करत नेतात. एक आंबा काढला, आता दुसरा, असे मोजणे त्यात कुठेच नसते. शिवाय आंब्यांच्या ढिगाच्या छायाचित्राखाली ‘आंबे’ एवढेच लिहिलेले असते, ‘सतरा आंबे’ असे कोण लिहितो? नव्या साधनांत यातही सुधारणा होत आहे, पण छापण्यापूर्वी प्रत्येक वस्तूवर पेन्सिलीने टिंब देत मोजल्याशिवाय कार्ड वर्गात नेऊ नये. हाताची बोटे आणि कोळ्याचे पाय तर दोनदा मोजावेत. पाचाच्या कार्डावर सहा बोटांचा हात हा या क्षेत्रातला जुना विनोद आहे, पण पहिलीत तो विनोद राहत नाही.

सोपा मार्ग असा. प्रणालीकडून एकाच आंब्याचे चांगले चित्र घ्यावे आणि त्याच्या प्रती आपण मांडाव्यात. मांडणीही विचारपूर्वक करता येते. तीन-चारपर्यंत वस्तू माणसाला न मोजता एका नजरेत कळतात, त्यापुढे मोजाव्या लागतात. म्हणून सात आंबे विखुरलेले ठेवण्यापेक्षा वरच्या ओळीत पाच आणि खालच्या ओळीत दोन असे ठेवावेत. प्रत्येक कार्डावर पाचाची ओळ तशीच राहिली, की सात म्हणजे पाच आणि दोन, नऊ म्हणजे पाच आणि चार, हे मुलाला न सांगता दिसू लागते. ही मांडणी सूचनेत लिहून मिळणे कठीण, हाताने करणे पाच मिनिटांचे काम.

अंकांसाठी आणखी एक प्रकार लोकप्रिय आहे. ‘५’ या आकड्यालाच डोळे, हात आणि बूट काढलेले असतात. ‘एक वस्तू, कोरी पार्श्वभूमी, हसरी शैली’ ही सूचना तंतोतंत पाळणारे हे कार्ड आहे आणि तरीही ते आमच्या मते संचातले सर्वांत दुबळे कार्ड आहे. त्यात मोजायला काहीच नाही. पाच म्हणजे किती, हे त्यातून कळत नाही. उलट ‘५’ला दोन पाय आणि दोन हात पाहून एका मुलीने प्रामाणिकपणे ‘चार’ असे सांगितले.

शून्याचे कार्ड मात्र खरी कसोटी पाहते. ताटात दोन लाडू, एक लाडू, मग शून्य लाडू, असा क्रम आम्हाला हवा होता. ‘लाडू नसलेले ताट’ मागितले, तर ताटात लाडू आले. नकाराचा तोच जुना घोटाळा. ‘रिकामे ताट’ मागितले, तेव्हा ताट मिळाले. पण ते आधीच्या दोन ताटांसारखे नव्हते, त्यामुळे त्यातले लाडू संपले असे वाटेना. शेवटी रिकामे ताटच मूळ धरले आणि त्यावर लाडवाचे वेगळे चित्र चिकटवत एक आणि दोनची कार्डे केली. शून्यापासून मागे न येता शून्यापासून पुढे गेलो, की गोष्ट जमते.

कार्डाची परीक्षा

छापण्याबद्दल थोडे. ए-४ कागदाचे चार भाग केले, की १०५ × १४८ मिलिमीटरचे कार्ड मिळते. हातात धरायला आणि पाच-सहा मुलांच्या गटाला दाखवायला ते पुरते, चाळीस मुलांच्या वर्गाला पुरत नाही. बहुतेक शाळांत रंगीत छपाई परवडत नाही, म्हणून प्रत्येक चित्राची आधी काळी-पांढरी झेरॉक्स काढून पाहावी. जांभळे कांडे आणि हिरवा पाला झेरॉक्समध्ये एकाच करड्या रंगाचे होतात. तिथे जाड बाह्यरेषाच चित्राला वाचवते. मूळ सूचनेतला ‘जाड रेषा’ हा शब्द त्यासाठी अगदी योग्य आहे.

पण खरी परीक्षा अक्षर लिहिण्यापूर्वीची आहे. चित्र एकेका मुलाला वेगळे बोलावून दाखवावे. सगळ्यांसमोर विचारले, तर पहिल्याचे उत्तर बाकीचे उचलतात. ‘हे काय?’ याखेरीज काही विचारू नये, ‘अ’चे काय, असे तर मुळीच नाही. पहिला उच्चारलेला शब्द जसाच्या तसा, बोलीसकट लिहून घ्यावा. दहा मुलांपैकी आठांनी तोच शब्द म्हटला, तर कार्ड ठेवावे, हा आम्ही स्वतःपुरता ठरवलेला नियम. कमी असतील, तर त्यांनी काय म्हटले ते पाहावे. सगळ्यांनी एकच वेगळे नाव घेतले असेल, जसे ठशाला ‘शिक्का’, तर चित्र चांगले आहे, ते ‘श’च्या कार्डावर न्यावे. प्रत्येकाने वेगळे नाव घेतले असेल, तर चित्र वाईट आहे, सूचना बदलावी. कोणीच काही बोलले नाही, तर वस्तू अनोळखी आहे. तिथे सूचना बदलून उपयोग नाही, शब्दच बदलावा.

या तिन्ही निकालांत मुलाला गुण दिलेले नाहीत, कार्डाला दिले आहेत. हे मुद्दाम सांगायचे कारण असे, की वर्गात नेमके उलट घडते. कार्ड छापील, रंगीत आणि देखणे असते, म्हणून ते बरोबर धरले जाते. ‘बांबू’ म्हणणारे, चमच्याचा ‘च’ चंद्राला लावणारे, ‘बान’मध्ये ‘ण’ न सापडणारे मूल कच्चे ठरते. पहिल्याच महिन्यात अशी पाच-दहा उत्तरे चूक ठरली, की पुढे ते मूल चित्राकडे पाहून बोलायचे थांबते आणि बाईंच्या तोंडाकडे पाहून बोलू लागते. हस्तलिखित तक्त्यांच्या आणि छापील अंकलिप्यांच्या काळातही हे होत होतेच. फरक इतकाच, की तेव्हा एक तक्ता अनेक वर्षे वापरावा लागे. आता चुकीचे कार्ड टाकून दुसरे करायला अर्धा मिनिट पुरतो. सूचनेचा खरा फायदा आम्हाला तोच वाटतो, आणि तो घ्यायचा तर आधी मुलाचे उत्तर ऐकावे लागते.

मूळ सूचनेतून आम्ही ‘एक वस्तू’ ठेवले, पण अपवादांसह. ‘कोरी पार्श्वभूमी’ ठेवली, पण पांढरी नव्हे. ‘जाड रेषा’ जशीच्या तशी ठेवली. ‘गोंडस’ आणि ‘मजकूर नको’ काढून टाकले. वाचक-शिक्षकांनी आपापल्या गावी एवढे एक करून पाहावे: संचातली कोणतीही दहा कार्डे घ्यावीत, अक्षर कागदाच्या पट्टीने झाकावे आणि दहा मुलांना एकेक करून दाखवावीत. जे शब्द येतील, ते तुमच्या गावच्या पुढच्या संचाची पहिली यादी होतील.